जोरात ब्रेक मारला, पुढच्या चाकांच्या खुणा उमटल्या, मागच्यांच्या नाहीत. फिटर म्हणतो मागचे ब्रेक कमजोर

सड्यावरचा

मंडळी, नमस्कार. गाडी 2019 ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस-ईबीडी दोन्ही आहेत. परवा दुपारी आडिवऱ्याहून पूर्णगडकडे येत होतो. गाडीत मी एकटाच. गावखडीच्या अलीकडे उतारावर म्हैस अचानक रस्त्यात आली. वेग साठच्या आसपास असेल, रस्ता कोरडा ठणठणीत. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी सरळ थांबली, म्हैस आपल्या वाटेने गेली.

उतरून पाहिलं तर डांबरावर पुढच्या दोन चाकांच्या फिकट, तुटक खुणा होत्या. मागच्या चाकांची एकही नाही. गावातल्या फिटरला सांगितलं तर त्याने निदान केलं, "मागचे ब्रेक धरतच नाहीत. व्हील सिलिंडर एक साइज मोठे टाकू, चारही चाकं सारखी धरतील."

करू का? आणि मुळात चारही चाकांना ब्रेक दिलेत तर मागच्यांना कमी का द्यायचा?

---

बांगडा_फ्राय

फिटर जुना असेल, त्याला ईबीडी ठाऊक नसेल. ईबीडीत कॉम्प्युटर असतो. गाडीत मागे वजन असलं की तो मागे जास्त प्रेशर पाठवतो, रिकामी असली की पुढे पाठवतो. तुम्ही एकटे होता म्हणून सगळा जोर पुढे गेला. पाच माणसं बसवून ब्रेक मारा, मागच्याही खुणा उमटतील.

---

निमा_गुहागर

माझ्या स्कूटरला मागचा ब्रेक दाबला की पुढचाही आपोआप लागतो. शोरूमवाल्याने त्याला कॉम्बी ब्रेक सांगितलं होतं. हे तेच का? आमचे हे मला कायम सांगतात की पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील.

---

परशुराम_घाटवाला

सड्यावरचे, सिलिंडर अजिबात बदलू नका. ब्रेक टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी खुणा. चाक पूर्ण जाम होऊन घासलं तर सलग काळा पट्टा उमटतो. तुमच्या खुणा फिकट आणि तुटक आहेत. पुढची चाकं पकडीच्या टोकाला पोचली आणि एबीएस त्यांना सोडत-धरत होता, असा त्याचा अर्थ. मागे खूण नाही, कारण मागची चाकं त्या टोकाला पोचूच दिली नाहीत. गाडी सरळ थांबली असं तुम्हीच लिहिलंय. ती सरळ थांबली यातलं बरंच श्रेय त्या न उमटलेल्या खुणांचं आहे.

आता मागे कमी का. टायर रस्त्याला धरून जो जोर लावू शकतो, तो त्या टायरवर किती वजन आहे त्यावर ठरतो. गाडी उभी असताना तुमच्या हॅचबॅकचं वजन, सोयीसाठी चालकासकट 1000 किलो धरू, साधारण 600 पुढे आणि 400 मागे असं वाटलेलं असतं. ब्रेक लागतो जमिनीला, टायरच्या तळाशी. पण गाडीचं वजन एकवटलेलं असतं वर, जमिनीपासून समजा 55 सेंटिमीटरवर. खालून कोणी मागे ओढतंय आणि वरचा भाग पुढे जायला बघतोय, म्हणजे गाडी नाकावर कलंडू पाहते. ते कलंडणं थोपवायला पुढची चाकं जमिनीत जास्त रुततात आणि मागची हलकी होतात. किती? मंदनाचा जोर गुणिले उंची, भागिले दोन एक्सलमधलं अंतर. अंतर 2.45 मीटर धरा. तुमच्यासारखा कडक ब्रेक कोरड्या रस्त्यावर 0.8 जी च्या आसपास जातो, म्हणजे गाडीच्या वजनाच्या 0.8 पट जोर. मग 1000 × 0.8 × 0.55 ÷ 2.45, म्हणजे जवळजवळ 180 किलो.

तेवढं वजन त्या क्षणी मागच्या चाकांवरून उठून पुढच्यांवर गेलं. पुढे 780 झाले, मागे उरले 220. म्हणजे मागची चाकं एकूण ब्रेकिंगच्या जेमतेम 22 टक्के उचलू शकतात. त्याहून जास्त मागितलंत तर ती जाम होतील.

हलका ब्रेक मारलात, समजा 0.3 जी, तर सरकतात फक्त 67 किलो. तेव्हा मागचा रास्त वाटा 33 टक्के असतो. म्हणजे मागच्या चाकांचा वाटा ठरलेला नसतो, ब्रेक जितका कडक तितका तो घटत जातो. पाइप आणि सिलिंडरच्या मापांनी मात्र एकच ठरलेला वाटा मिळतो. ही तफावत भरून काढणं हे ईबीडीचं काम.

निमाताई, तुमचं वेगळं आहे. त्यावर खाली लिहितो.

---

बांगडा_फ्राय

वजन पुढे सरकतं म्हणजे नेमकं काय सरकतं? डिकीतलं सामान बांधून ठेवलं तर सरकणार नाही ना?

---

परशुराम_घाटवाला

सामान बांधा नाहीतर वेल्ड करा, हा आकडा तोच राहतो. वस्तू जागची हलत नाही. चार चाकांखाली काटे ठेवले तर त्यांच्यावरचे आकडे बदलतात, एवढंच. स्प्रिंगा दाबल्या जाऊन नाक खाली जातं, तो फक्त दिसणारा परिणाम. गाडीला स्प्रिंगा नसत्या तरी 180 चे 180 च सरकले असते. तुमचा आणखी एक मुद्दा दुरुस्त करायचाय, ईबीडी जास्त प्रेशर "पाठवतो" हा. आता दुकान उघडायचंय, रात्री लिहितो.

---

निमा_गुहागर

मग मागची चाकं जाम झाली तर एवढं बिघडतं काय? पुढची धरतायत ना.

---

खाडीकाठ

ताई, रिकाम्या मैदानात चालत्या गाडयेचो हँडब्रेक खेचून बगा, समजात. गाडी गरकन फिरता. हँडब्रेक फकस्त मागच्या चाकांक लागता.

---

परशुराम_घाटवाला

खाडीकाठ यांनी एका ओळीत सांगितलं. कारण असं, की फिरतं चाक आडवं सरकायला विरोध करतं. जाम झालेलं चाक ज्या दिशेला ढकललं जाईल त्या दिशेला घसरतं, त्याला पुढे-आडवं काही कळत नाही. पुढची जाम झाली तर स्टिअरिंग चालत नाही, पण गाडी नाकासमोर घसरत जाते, कारण मागची चाकं शेपटीसारखी तिला सरळ ठेवतात. मागची आधी जाम झाली तर शेपूटच सुटतं. रस्त्याचा थोडा उतार किंवा स्टिअरिंग जरासं वळलेलं असलं तरी पुरतं, मागचं टोक पुढे यायला बघतं. सामान्य चालकाला ते सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून गाडी बनवणारे एक गोष्ट पक्की धरून चालतात, की जाम व्हायचीच असतील तर आधी पुढची व्हावीत.

आता ईबीडी. तो पंप चालवून मागे जास्तीचं प्रेशर तयार करत नाही. प्रेशर येतं तुमच्या पायातून, बूस्टर आणि मास्टर सिलिंडरमार्गे. एबीएसच्या ब्लॉकमध्ये मागच्या चाकांच्या वाटेवर व्हॉल्व्ह असतात. चारही चाकांचे सेन्सर कॉम्प्युटरला वेग सांगत असतात. ब्रेकखाली मागचं चाक पुढच्यांपेक्षा थोडं जास्त मंदावायला लागलं की कॉम्प्युटर मागची वाट बंद करतो. आता पाय आणखी दाबा, वाढीव प्रेशर पुढेच जातं, मागे होतं तेवढंच राहतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर थोडं सोडतो. टायरची पकड सर्वांत जास्त असते ती चाक साधारण 10 ते 20 टक्के मागे पडत असताना. ईबीडी त्याच्या कितीतरी आधी हात घालतो, म्हणून एबीएससारखी पॅडलची थरथर बहुतेक वेळा जाणवत नाही. अनेकांना आपला ईबीडी रोज काम करतोय याचा पत्ताच नसतो.

बांगडा_फ्राय, तुमचं अर्धं बरोबर यासाठी, की पाच माणसं आणि सामान असलं तर मागची चाकं उशिरा मंदावतात, त्यामुळे वाट उशिरा बंद होते आणि मागे जास्त प्रेशर पोचतं. पण ते रोखलं गेलं नाही म्हणून पोचतं. गंमत म्हणजे ईबीडीला वजन माहीतच नसतं. त्याला फक्त चाकांचे वेग दिसतात.

आणि खूण तेव्हाही उमटणार नाही. उमटली तर काहीतरी बिघडलंय.

---

देवगडकर_पेटीवाला

आमच्या पिकअपच्या जमान्यात कॉम्प्युटर नव्हता, तरी हे होतंच की. मागच्या एक्सलवरून एक दांडी चेसीसवरच्या व्हॉल्व्हला जायची. हौदा भरला की पाटे बसायचे, दांडी वर ढकलली जायची, मागे ब्रेक जास्त. रिकामी झाली की कमी.

शेजाऱ्यांच्या गाडीची गोष्ट सांगतो. आंब्याच्या सीझनला भरलेली गाडी फोंडा घाटातून कोल्हापूरला जायची. चालकाची तक्रार, भरल्यावर ब्रेक पुरत नाही. कोणा कारागिराने ती दांडी तारेने वर बांधून टाकली. व्हॉल्व्हला वाटायचं गाडी कायम भरलेली आहे. जाताना चालक खूश. जूनच्या पहिल्या पावसात रिकामी परत येताना नांदगावच्या अलीकडे साध्या वळणावर ब्रेक मारला आणि गाडी तोंड फिरवून कोल्हापूरकडे बघत उभी. माणसाला काही झालं नाही. हौदा गडग्यात गेला. मी स्वतः खाली वाकून बघितलं, तार तशीच होती.

---

परशुराम_घाटवाला

पेटीवाले, सड्यावरच्यांना फिटर नेमकं हेच करायला सांगतोय, फक्त तारेऐवजी सिलिंडरने. हिशेबच करून दाखवतो. समजा मागचा सिलिंडर 17.46 मिलिमीटरचा आहे आणि पुढची साइज 19.05 ची टाकली. दीड मिलिमीटरचा फरक, पण जोर क्षेत्रफळावर असतो, त्यामुळे त्याच प्रेशरला मागचा जोर 19 टक्क्यांनी वाढतो. मागचा वाटा समजा 24-25 टक्के होता, तो 28 च्या घरात गेला. 28 टक्के आणि कोरडा रस्ता धरून गणित मांडलं तर मागची चाकं 0.7 जी ला जाम होतात. पुढच्यांची पकड तेव्हा अजून शिल्लक असते. नको तो क्रम.

ईबीडी चालू आहे तोवर तो हे जास्तीचं कापून टाकेल, म्हणजे पैसे खर्च करून कडक ब्रेकला फायदा शून्य. आणि ज्या दिवशी ईबीडी बंद पडेल त्या दिवशी गाडी फिरेल.

आपल्याकडे पावसाची धास्ती जास्त, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रिकाम्या हॅचबॅकचं हेच गणित ओल्या रस्त्यावर मांडा, पकड 0.5 धरून. तिथे ब्रेकच कमी लागतो, त्यामुळे वजन कमी सरकतं, आणि मागची-पुढची जवळजवळ एकाच वेळी टोकाला येतात. शेवाळावर किंवा मासळीच्या ट्रकमधून सांडलेल्या पाण्यावर तर पुढचीच आधी जातील. मागचं टोक आधी सुटण्याचा धोका या गाडीला कोरड्या, चांगल्या डांबरावर जास्त. पेटीवाल्यांची पिकअप पावसात फिरली, कारण तिथे एक हजार किलो मालासाठीचा ब्रेक रिकाम्या हौद्याला लागला होता.

---

खाडीकाठ

माझो प्रश्न वेगळो आसा. माजी गाडी मागच्या चाकांवर चलणारी, ईबीडी असलेली. करूळ घाट उतरताना पावसात तिसऱ्यातसून एकदम दुसऱ्यात टाकलंय, क्लच फाटकन सोडलंय, मागचा टोक हललाच. ब्रेकाक पाय लावलेलो नाय. ईबीडी खय गेल्लो?

---

परशुराम_घाटवाला

तो जागेवरच होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं. तो ब्रेक ऑइलची वाट बंद करू शकतो. इंजिनने चाक ओढून धरलं ते ऑइलमधून येतच नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन ब्रेकिंगचा सगळा भार मागेच पडतो, तोही उतारावर, जिथे मागचं आधीच हलकं असतं. घाट लागण्याआधीच खालच्या गियरमध्ये या, आणि बदलावा लागलाच तर थोडा रेस देऊन क्लच हळू सोडा.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा जोर पुढे येतो, तिथे हे दुखणं नाही.

---

आंबोलीचा_बाबू

सहमत नाही. पावसात घाटात खालचा गियर नकोच. तिसरा ठेवा आणि पायाने ब्रेक मारा. ब्रेकवर निदान एबीएसची राखण आहे, इंजिनवर कोणाचीच नाही.

---

परशुराम_घाटवाला

बाबूराव, आंबोलीसारख्या घाटात भरलेली गाडी नुसत्या पायावर उतरवलीत तर खाली पोचेपर्यंत ड्रम आणि पॅड तापून पॅडलला जोरच उरणार नाही. पकड आहे पण ब्रेक नाही, ही अवस्था मला जास्त वाईट वाटते.

---

आंबोलीचा_बाबू

भरलेली म्हणालात तर मान्य. रिकाम्या गाडीबद्दल माझं मत तेच.

---

परशुराम_घाटवाला

निमाताई, राहून गेलं होतं. कॉम्बी ब्रेकमध्ये मागचा लिव्हर दाबला की थोडा जोर पुढच्या चाकालाही जातो. तिथे सेन्सर नाहीत, मोजमाप नाही, केबल किंवा ऑइलने ठरवून दिलेला वाटा. म्हणजे ईबीडी नव्हे. पण तो आणला याच कारणासाठी. आपल्याकडे बहुतेकजण फक्त मागचा ब्रेक मारतात आणि दुचाकीत तर वजन आणखी जास्त सरकतं, कारण चाकांमधलं अंतर कमी आणि बसणारा उंचावर. कडक ब्रेकला मागचं चाक जवळजवळ रिकामं होतं. त्यामुळे पुढच्याला हात लावू नको हा सल्ला चुकीचा आहे. सरळ रस्त्यावर दोन्ही एकदम, पुढचा हळूहळू वाढवत. वळणात, वाळूवर किंवा चिखलात मात्र पुढचा झटक्याने नको. तुमचे हे बहुधा तशाच ठिकाणी आपटले असतील.

---

निमा_गुहागर

वेळणेश्वरला, वाळूवर. तुम्हाला कसं कळलं?

---

सड्यावरचा

सिलिंडरचं रद्द. पण आता एक आठवलं. गेल्या महिन्यापासून कधीकधी एबीएसचा पिवळा दिवा आणि हँडब्रेकचा लाल दिवा दोन्ही एकदम लागतात. गाडी बंद करून चालू केली की जातात. म्हैस आली त्या दिवशी लागले नव्हते. फिटर म्हणाला पिवळा एबीएसचा, दुर्लक्ष करा, लाल हँडब्रेकचा, थोडा वर राहिला असेल.

---

परशुराम_घाटवाला

हे आधी सांगायला हवं होतं. सगळ्या धाग्यात महत्त्वाचं हेच आहे.

बहुतेक गाड्यांत एकटा पिवळा म्हणजे एबीएस गेला, पण ईबीडी अनेकदा चालू राहतो. एखादा सेन्सर मेला तरी उरलेल्यांवर तो काम भागवतो. पिवळा आणि लाल दोन्ही एकदम, हँडब्रेक पूर्ण खाली असताना, म्हणजे ईबीडीही गेला असं धरून चालायचं. आता मागची वाट रोखणारं कोणी नाही. आणि नव्या गाड्यांत ती जुनी दांडी आणि व्हॉल्व्ह नसतात, ते काम ईबीडीवरच टाकलेलं असतं. त्यामुळे साधा ब्रेक लागेल, थांबेल, पण कडक ब्रेकला मागचं आधी जाम होऊ शकतं. पुस्तिकेतही हा इशारा असतो, वाचून घ्या.

क्रमाने बघा. हँडब्रेक खाली असताना लाल राहतो का. ब्रेक ऑइल दोन रेषांच्या मध्ये आहे का. कमी असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. पुढचे पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, तसं नसेल तर गळती शोधा. हे दोन्ही ठीक असेल तर बॅटरीचं व्होल्टेज आणि एबीएस ब्लॉकची अर्थ वायर. दोन्ही दिवे एकदम लागून आपोआप जातात, तेव्हा मला एखाद्या सेन्सरपेक्षा वीजपुरवठ्याचा संशय जास्त येतो. गाडी समुद्राजवळ उभी असते ना?

तोवर दोन्ही दिवे लागले असतील तर वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त, आणि वळणात ब्रेक नको.

---

सड्यावरचा

घराच्या पडवीतून खाडी दिसते, आता बोला. पावसाळ्यात गाडी दीड-दोन महिने उभीच होती.

---

सड्यावरचा

अपडेट. रत्नागिरीत वायरिंगवाल्याकडे गेलो. हँडब्रेक ठीक, ऑइल मध्यावर. स्कॅनरवर कमी व्होल्टेजचा जुना दोष नोंदलेला निघाला. एबीएस ब्लॉकची अर्थ वायर बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथे पांढरट-हिरवा थर चढला होता. वॉशर गंजून भुगा. घासून, नवीन लग लावून, वरून ग्रीस दिलं. त्याने स्कॅनर लावून हळू चालवत चारही चाकांचे वेग बघितले, सारखे येत होते.

मागचे ड्रमही उघडून घेतले. लायनर जाड आहेत, पण एका बाजूचे ड्रमला थोडे चिकटलेले. साफ केले. गाडी उभी ठेवताना हँडब्रेक न लावता गियरमध्ये ठेवायला सांगितलंय.

पंधरा दिवस दिवे लागले नाहीत. काल मुसळधार पावसात पावसजवळ एकदाच क्षणभर चमकले आणि गेले.

---

परशुराम_घाटवाला

मग एक जागा अजून राहिली आहे. मागच्या सेन्सरांचे प्लग बघा, चाकाजवळचे, पाणी सरळ तिथे उडतं. हबवरची दात्यांची रिंग दिसत असेल तर तीही तपासून घ्या, गंज फुगला की रिंग तडकते. फक्त एकाच सेन्सरमुळे दोन्ही दिवे लागायला नकोत, म्हणून मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. स्कॅनरवर नवा दोष कोणता नोंदलाय ते इथे लिहा.

---

बांगडा_फ्राय

आणि ती म्हैस कोणाची होती तेही लिहा. गावखडीला आमचे पाव्हणे आहेत.